घरी एनिमा देताना: डावी कूस, चार बोटं, दहा मिनिटं

मागच्या मे महिन्यात जुळे सोलापुरातून एका मुलाचा फोन आला. "सिस्टर, आईला आज सहावा दिवस, संडासच नाही. मेडिकलवाल्याने एनिमाची बाटली दिलीय. कसा द्यायचा तेवढं सांगा, आत्ताच देतो." मी वॉर्डातून निवृत्त झाले तरी असे फोन आठवड्याला एखादा येतोच. बाटली हातात आली की लोकांना वाटतं, अर्धं काम झालं. मी त्याला म्हटलं, बाटली बाजूला ठेव आणि आधी मी विचारते त्याची उत्तरं दे.

आईचं वय शहात्तर. बाथरूममध्ये पडून उजवा खुबा मोडला होता, ऑपरेशन होऊन बारा दिवस झाले होते. दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल चालू, सोबत रक्तवाढीची लोहाची गोळी आणि कॅल्शियम. या तिन्ही गोळ्या शौचाला घट्ट करतात, ट्रॅमाडॉल तर आतड्याची हालचालच मंदावतं. त्यात बाई अंथरुणावर, बाहेर बेचाळीस अंशांचं ऊन, आणि लघवीला सारखं उठवायला नको म्हणून त्या पाणीच कमी प्यायच्या. संकोचापोटी कमी पाणी पिणारी अशी म्हातारी माणसं मी खूप पाहिली आहेत. त्यांचं पोट आधी याच कारणाने अडतं.

मग मी खरे प्रश्न विचारले. उलटी होते का? वारा सरणं बंद झालंय का? पोट ढोलासारखं फुगून ताठ झालंय का? एकाच जागी, विशेषतः उजवीकडे खाली, सतत दुखतंय का? ताप आहे का? शौचातून रक्त गेलंय का? यातल्या एकाचंही उत्तर 'हो' आलं तर घरी एनिमा द्यायचा नाही, आधी डॉक्टर. आतडं खरोखर अडलं असेल किंवा अपेंडिक्स सुजलं असेल तर खालून दाबाने पाणी भरणं जिवावर बेतू शकतं. उलटी होतेय आणि वाराही सरत नाही, ही जोडी दिसली तर सरळ रिक्षा काढा. गुदद्वाराचं किंवा आतड्याचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल, हार्ट अ‍ॅटॅक येऊन थोडेच दिवस झाले असतील, केमोथेरपी चालू असेल, किंवा मणक्याला मार बसून कमरेखाली हालचाल नसेल, तर तिथेही विचारल्याशिवाय हात लावू नये. आणि लहान मुलांना या लेखावरून एनिमा देऊ नका. त्यांचं माप वेगळं, नळीची खोली वेगळी, ते बालरोगतज्ज्ञांनी ठरवायचं.

आजींना उलटी नव्हती. थोडा वारा सरत होता, पोट जड होतं पण दाबल्यावर मऊ लागत होतं. मुलगा मध्येच म्हणाला, "काल थोडं पातळ झालं होतं, डायपरला लागलं होतं. म्हणून जुलाबाची गोळी बंद केली." इथे माझे कान टवकारले. सहा दिवस घट्ट बसलेल्या माणसाला अचानक थोडं थोडं पातळ लागायला लागलं, तर ते बहुतेक वेळा जुलाब नसतात. खाली गुदाशयात मळाचा मोठा गोळा अडकलेला असतो आणि वरचं पातळ त्याच्या कडेने पाझरतं. घरचे जुलाब समजून ते थांबवायचं औषध देतात आणि गोळा आणखी घट्ट होतो.

संध्याकाळी त्यांच्या डॉक्टरांनी येऊन बोटाने तपासलं. गोळा होताच, सुपारीएवढ्या खड्यांचा. एनिमा घरी द्यायला त्यांनी होकार दिला, पण मेडिकलवाल्याची बाटली द्यायची नाही म्हणाले.

बाटली का नको

दुकानात जी तयार शंभर मिलीची बाटली मिळते ती बहुधा सोडियम फॉस्फेटची असते. वापरायला सोपी, दोन ते पंधरा मिनिटांत काम करणारी. धडधाकट माणसासाठी ठीक आहे. पण त्यातलं फॉस्फेट आतड्यातून रक्तात शिरतं आणि ते बाहेर टाकायचं काम मूत्रपिंडाचं. मूत्रपिंड कमकुवत असेल किंवा माणूस कोरडा पडलेला असेल तर फॉस्फेट साठतं, रक्तातलं कॅल्शियम एकदम उतरतं, झटके येऊ शकतात, हृदयाची लय बिघडू शकते. मूत्रपिंड किती काम करतं हे सांगणारं आजींचं क्रिएटिनिन १.९ होतं, म्हणजे वाढलेलं. ऑपरेशनच्या कागदांत ते लिहिलेलंही होतं, फक्त मेडिकलच्या काउंटरवर ते कोण विचारणार? वयस्कर माणूस, किडनीचा त्रास, हृदय कमजोर, लघवीच्या गोळ्या चालू, यातलं काहीही असेल तर ही बाटली डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका. आणि कोणालाही चोवीस तासांत एकापेक्षा जास्त देऊ नका. 'पहिलीने झालं नाही म्हणून दुसरी दिली' ही चूक सगळ्यात महागात पडते.

आमच्यासाठी ठरलं ते साधं सलाईन. नसेतून लावायची ०.९ टक्क्याची अर्ध्या लिटरची नॉर्मल सलाईनची बाटली मेडिकलमध्ये मिळते, तीच घ्यावी, कारण तिचं प्रमाण पक्कं असतं. घरी करायचं तर उकळून कोमट केलेल्या अर्ध्या लिटर पाण्यात औषधाच्या ५ मिलीच्या चमच्याने पाऊण सपाट चमचा मीठ. अंदाजाने चिमटीने नको. नुसतं पाणी जास्त प्रमाणात दिलं तर ते शरीरात शोषलं जाऊन रक्तातलं मीठ पातळ होतं. साबणाचं पाणी जुन्या काळी आम्हीही द्यायचो. आता देऊ नये, आतड्याच्या आतल्या अस्तराची आग होते, सूज येते. लिंबू, कॉफी, एरंडेल घातलेलं पाणी, असली घरगुती पाककृती खालच्या वाटेने तर अजिबात नको.

गोळा घट्ट असल्यामुळे डॉक्टरांनी आदल्या रात्री शंभर मिली कोमट तिळाचं तेल द्यायला सांगितलं होतं, मऊ रबरी नळी आणि मोठ्या सिरिंजने, अगदी सावकाश. तेल अर्धा तास तरी आत राहिलं पाहिजे, रात्रभर राहिलं तर उत्तमच. ते लगेच शौच घडवत नाही, खड्यांच्या फटींत शिरून त्यांना भिजवतं. खडा घट्ट असताना थेट सलाईन दिलं की नुसतं गढूळ पाणी परत येतं आणि घरचे म्हणतात, एनिमाचा उपयोगच झाला नाही.

तयारी

सकाळी आठला मी पोचले. चहा झालेला होता. चहा-नाश्त्यानंतर आतडं आपोआप जरा हलतं, म्हणून ही वेळ बरी. भरल्या पोटावर, जेवणानंतर लगेच मात्र नको.

एनिमा कॅन, त्याची रबरी नळी, चिमटा, हातमोजे, जेली, मेणकापड, बेडपॅन, दोन जुने टॉवेल आणि कमोडची खुर्ची पलंगाला लागून. मेणकापडावर घालायला सूनबाईंनी जुनी विटलेली सोलापुरी चादर चौपदरी करून आणली. महागाच्या अंडरपॅडपेक्षा ती बरी, पाणी पिते आणि टोचत नाही. कमोडची खुर्ची आधी जागेवर हवी. घाई लागल्यावर म्हातारं माणूस ओल्या फरशीवरून संडासाकडे धावतं आणि दुसरा खुबा तिथे मोडतो. भारतीय पद्धतीच्या संडासात उकिडवं बसणं तर आजींना शक्यच नव्हतं.

पाणी कोमट हवं, अंगाइतकं, म्हणजे सदतीस ते चाळीस अंश. मनगटाच्या आतल्या बाजूवर दोन थेंब टाकले तर ना गार, ना गरम वाटावं. गार पाण्याने मुरडा येतो, गरमने आतडं भाजतं. बाटली गॅसवर ठेवायची नाही, गरम पाण्याच्या पातेल्यात पाच मिनिटं उभी करायची. सोलापूरच्या मे महिन्यात आणखी एक सावधगिरी: गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी नळातून चटका बसेल इतकं तापलेलं येतं, बाटलीही खिडकीत राहिली तर तापते. हात लावून न बघता काही वापरू नका.

कॅनबरोबर जी काळी कडक तोटी येते ती मी टाकून देते. तिच्या जागी मऊ रबरी नळी जोडते. कडक तोटीने गुदाशयाची भिंत खरचटते, नेट लावला तर फाटूही शकते. नळीच्या टोकापासून आठ सेंटिमीटरवर मी चिकटपट्टीची खूण केली. पट्टी नसेल तर चार बोटं आडवी लावा, तेवढीच ती लांबी. खूण आधी केलेली असली की आत किती गेली हा अंदाज करावा लागत नाही.

मग कॅन भरून, चिमटा सोडून थोडं पाणी बेडपॅनमध्ये वाहू दिलं आणि पुन्हा बंद केलं. नळीतली हवा अशी आधीच काढायची, नाहीतर ती पोटात जाऊन कळा येतात.

डावी कूस

आजींना डाव्या कुशीवर झोपवलं. यामागे शरीराची रचना आहे: गुदाशयाच्या वरचा आतड्याचा भाग पोटात डावीकडे असतो, म्हणून डावी कूस खाली असली की पाणी आपल्या वजनाने तिकडे उतरतं. उजव्या कुशीवर त्याला चढ चढावा लागतो. साधारणपणे डावा पाय जवळजवळ सरळ आणि उजवा गुडघा पोटाकडे दुमडलेला, अशी ठेवण. पण आजींचा उजवाच खुबा नवा होता. तो नव्वद अंशांपेक्षा जास्त दुमडायचा नाही आणि आतल्या बाजूला, दुसऱ्या पायावरून पलीकडे झुकू द्यायचा नाही, असं सर्जननी सांगितलेलं. म्हणून दोन गुडघ्यांमध्ये जाड उशी आणि उजवा पाय थोडासाच वाकवलेला. शस्त्रक्रिया डाव्या खुब्याची असती तर मी सर्जनला विचारूनच कूस ठरवली असती. अशा वेळी पाठीवर झोपवून, गुडघे थोडे उचलूनही देता येतं, फक्त पाणी जरा कमी शिरतं.

कमोडवर बसवून एनिमा देणारेही मला भेटले आहेत. बसल्यावर पाणी वर चढत नाही, नळी पुढच्या भिंतीवर टोचते आणि सगळं दोन मिनिटांत बाहेर येतं.

कमरेखालचा फक्त लागेल तेवढा भाग उघडा, बाकी चादर. खोलीत सून आणि मी, मुलाला बाहेर काढलं. आजी तोंड भिंतीकडे करून म्हणाल्या, "माझ्यावर ही पाळी आली, आणि हिच्याकडून?" सून म्हणाली, "आत्या, माझ्या बाळंतपणात तुम्ही काय कमी केलं होतं?" आजी हसल्या, आणि त्या हसण्याने त्यांचं आवळलेलं अंग जरा सैल झालं. तेवढ्यात मी नळीला जेली लावून घेतली.

नळी आत घालताना

टोकापासून खुणेपर्यंत भरपूर जेली, गुदद्वारालाही थोडी. डाव्या हाताने वरचा नितंब उचलून जागा नीट पाहायची. मूळव्याधीचा कोंब बाहेर आला असेल किंवा चीर दिसली तर त्याच्या बाजूने जाता येतं, पण ते नवख्याने करू नये.

"आजी, तोंडाने लांब श्वास घ्या, आणि शौचाला जोर करतात तसा किंचित करा." जोर केल्यावर गुदद्वाराचा स्नायू आपणहून उघडतो. त्याच क्षणी नळी आत, बेंबीच्या दिशेने. दोन बोटं आत गेल्यावर दिशा किंचित पाठीच्या कण्याकडे वळवायची, कारण आतली वाट आधी पुढे आणि मग मागे वळते. मऊ नळी हे वळण स्वतःच घेते. प्रौढ माणसाला सात ते दहा सेंटिमीटर पुरेत, मी आठच्या खुणेवर थांबले. जास्त आत घातल्याने जास्त साफ होतं हा गैरसमज आहे. वर पाणी जातं, नळी जायची गरज नाही.

नळी मध्येच अडली. अडली की ढकलायचं नाही. बोटभर मागे घ्या, चिमटा किंचित सोडून थोडं पाणी जाऊ द्या आणि पुन्हा हळूच प्रयत्न करा. पाण्याने जागा होते. आजींच्या बाबतीत खडाच आडवा आला होता, थोडं पाणी जाताच नळी त्याच्या कडेने सरकली. दोन-तीनदा करूनही नळी जात नसेल, किंवा आजारी माणूस तीव्र दुखतंय म्हणाला, किंवा नळीला रक्त लागलं, तर तिथेच थांबा.

कॅन किती उंच, पाणी किती वेगाने

कॅनचा तळ गुदद्वारापासून तीस ते पंचेचाळीस सेंटिमीटर वर, म्हणजे दीड ते दोन वीत. पलंगावरच्या माणसासाठी ही उंची तुमच्या छातीच्याही खाली येते. लोक मात्र कॅन खिडकीच्या गजाला किंवा खिळ्याला टांगून मोकळे होतात. नोकरीच्या पहिल्या वर्षी मीही सलाईनच्या स्टँडच्या वरच्या आकड्याला कॅन लावला होता. दीड मिनिटात पाणी संपलं, बाई कळवळून उठून बसल्या आणि सगळं पलंगावर. गादी धुताना उंचीचं गणित जे डोक्यात बसलं ते आजवर आहे. कॅन कोणीतरी हातात धरावा, म्हणजे लगेच खाली घेता येतो.

अर्धा लिटर पाणी जायला पाच ते दहा मिनिटं लागली पाहिजेत. दोनशे मिलीच्या आसपास आजींच्या कपाळावर आठी आली, "लागतंय मला" म्हणाल्या. चिमटा बंद, कॅन खाली, अर्धा मिनिट तोंडाने श्वास. कळ ओसरली की पुन्हा सुरू, पण आधीपेक्षा हळू. साडेतीनशेला पोट भरल्यासारखं वाटतं म्हणाल्या, मी तिथेच थांबवलं. कॅन रिकामा झालाच पाहिजे असं काही नाही. थोडं पाणी शिल्लक असतानाच चिमटा लावा, नाहीतर शेवटी हवा आत जाते.

या सगळ्यात माझं एक बोट आजींच्या मनगटावर होतं. गुदाशय ताणला गेला की काही जणांची नाडी एकदम मंदावते, घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. तसं झालं तर लगेच बंद, नळी बाहेर, पाय जरा उंच, आणि दोन मिनिटांत तरतरी आली नाही तर डॉक्टर. मध्येच जबर दुखायला लागून पोट लाकडासारखं झालं तर आतडं फाटल्याची शंका घ्यायची. तिथे वाट पाहणं नाही, सिव्हिल किंवा जे जवळ असेल ते हॉस्पिटल.

आत धरून ठेवणं आणि वाट पाहणं

नळी काढताना टॉवेलने गुदद्वार दाबून धरलं. आजी डाव्या कुशीवरच. सलाईन पाच ते दहा मिनिटं आत राहिलं पाहिजे. पहिल्या मिनिटाला जी जोराची कळ येते ती ओसरते, दुसरी येते ती खरी. पहिल्याच कळेला बसवलं तर नुसतं पाणी पडतं. सूनबाईंना मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसवलं. आजी सातव्या मिनिटाला "आता नाही धरवत" म्हणाल्या.

दोघींनी धरून कमोडच्या खुर्चीवर बसवलं, उंच सीट, खुबा फार दुमडू नये म्हणून. आधी पाणी आणि थोडं तेल. मग काही नाही. तीन-चार मिनिटांनी खडे, काळपट हिरवे, एकामागून एक बेडपॅनवर वाजत पडले. हा रंग लोहाच्या गोळीचा. डांबरासारखं चिकट, चकचकीत आणि उग्र वासाचं काळं असतं तर ते रक्त समजून डॉक्टरांना कळवायचं. त्यानंतर मऊ, लांब मळ आणि शेवटी भरपूर वारा. एनिमा लागू पडला हे यावरून कळतं: आधी खडे, मग मऊ, मग वारा, आणि पोट हाताला सैल लागतं. नुसतं तपकिरी पाणी आलं तर ते गोळ्याच्या कडेने जाऊन परत आलेलं असतं.

बहुतेकांचं काम पंधरा-वीस मिनिटांत होतं, पण हप्त्याहप्त्याने तासभरही चालू शकतं. त्या तासात माणसाला एकटं सोडू नका, दाराला आतून कडी नको. आजींना दुसरा हप्ता चाळीस मिनिटांनी आला. अर्ध्या तासात काहीच परतलं नाही तर लगेच दुसरा एनिमा देऊ नका, डॉक्टरांना फोन करा. फॉस्फेटची बाटली दिली असेल आणि ती अर्ध्या तासात बाहेर आली नसेल तर फोन नाही, सरळ दवाखाना.

झाल्यावर आजी गळून गेल्या होत्या. अर्धा तास झोपवलं, मग मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी घोट घोट. नंतर एक-दोन दिवस शौच झाली नाही तर घाबरायचं नाही, आतडं रिकामंच असतं.

डॉक्टरांनी ट्रॅमाडॉल कमी करून पॅरासिटामॉलवर आणलं आणि रात्री शौच मऊ ठेवणारं लॅक्टुलोज सुरू केलं. शेजारच्या काकूंनी इसबगोल आणून दिला होता. मी तो परत पाठवला, कारण जी बाई दिवसाला तीन पेले पाणी पीत नाही तिच्या पोटात इसबगोल फुगून घट्ट बसतो. आजींनी पाणी प्यावं म्हणून सूनबाईंनी लिटरची बाटली उशाशी ठेवली आणि रात्री आठपर्यंत दीड बाटली संपवायची असं ठरलं. लघवीसाठी उठवायला सून आहे, हे आजींना तीनदा सांगावं लागलं.

चौथ्या दिवशी सकाळी मुलाचा फोन: "सिस्टर, आईचं झालं. चहानंतर, आपलं आपण." मी विचारलं, खडे की मऊ? तो आत ओरडला, "अगं, सिस्टर विचारतायत, खडे की मऊ?" आतून आजींचा आवाज आला, "सांग तिला, मऊ. आणि ते कॅन माळ्यावर टाका म्हणावं."